कलप लावायच्या आधी तीन दिवस

लग्नसराई आली, १४ एप्रिल जवळ आला, की भडगावच्या वस्त्यांमधून कलपाच्या पाकिटांची विक्री वाढते. दहा-वीस रुपयांची काळ्या पावडरीची पुडी, वाटीत पाणी घालून कालवायची, जुन्या टूथब्रशने डोक्याला लावायची. घरोघरी हे चालते, आमच्याही घरात चालते. कलप लावू नका असे सांगायला आम्ही हे लिहीत नाही. पुडीवर बारीक अक्षरांत छापलेली एक सूचना असते आणि ती जवळजवळ कोणीच पाळत नाही. तिच्याबद्दल लिहीत आहोत.

आधी आमच्या वस्तीतली एक हकिकत. नावे देत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. एका घरात नणंद आणि भावजय. रविवारी भाच्याचा मंगल परिणय होता. दोघींनी मिळून एकच पुडी आणली. भावजयीला मागच्या वेळी कलप लावल्यावर कानामागे दोन दिवस खाज आली होती आणि तिथून थोडे पाणी सुटले होते, म्हणून ती यावेळी जरा बिचकत होती. नणंद म्हणाली, "अगं, मी दहा वर्षे लावते, मला काही झाले नाही. तुलाही गरमीने झाले असेल." शेवटी आमच्या एका ताईंनी दोघींनाही आधी चाचणी करायला लावली. बुधवारी संध्याकाळी सात वाजता ठिपका लावला आणि रविवारपर्यंत वाट पाहिली. दोघींच्या कानामागे काय काय झाले ते पुढे सांगतो. त्याआधी त्या ठिपक्याखाली कातडीत काय चालते ते समजून घ्यावे लागेल. त्याशिवाय चार दिवस का थांबायचे हे पटत नाही.

ज्या कलपाने केस पक्के काळे होतात, त्याच्यातला मुख्य रंग बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन या रसायनाचा असतो. डॉक्टर त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. पुडीवर घटकांची नावे इंग्रजीत असतात, घरातल्या शिकत्या मुलाला ती वाचायला सांगा. "हर्बल" किंवा "काळी मेहंदी" एवढे लिहिलेले पाहून निर्धास्त होऊ नका. नुसत्या मेहंदीच्या पानाचा रंग नारिंगी, तांबूस, फार तर तपकिरी येतो. मेहंदी म्हणून विकलेली पावडर अर्ध्या तासात केस काळे कुळकुळीत करत असेल, तर तिच्यात दुसरा रंग घातलेला आहे एवढे नक्की. "अमोनिया नाही" या शब्दांनीही फसायला होते. अमोनिया म्हणजे तो नाकाला झोंबणारा वास. तो काढला तरी रंग तोच राहतो.

कातडीला त्रास दोन वाटांनी होतो. पहिली वाट साध्या दाहाची. पदार्थ तिखट असेल, फार वेळ राहिला असेल, किंवा कातडी आधीच खरचटलेली असेल, तर आग होते. मिरची वाटताना हाताची होते तशी. ही कोणालाही होऊ शकते, पदार्थ जेवढा जास्त तेवढी जास्त होते आणि धुऊन टाकल्यावर उतरायला लागते.

दुसरी वाट अ‍ॅलर्जीची. ती समजावायला खानदेशात आपल्याला पुस्तकाची गरज नाही, बिबा आठवला तरी पुरे. बिब्याचे तेल स्वतःच जहाल असते, त्याने भाजतेही. पण जुन्या बायका म्हणत, "अमकीला बिबा उततो." म्हणजे एकीने गुडघ्याला लावला तर तेवढ्या जागी डाग पडला आणि संपले, तर दुसरीच्या अंगावर एक-दोन दिवसांनी पुरळ उठले, पाणी भरलेले फोड आले, लावला नव्हता तिथेही सूज पसरली. तोच बिबा, पण एकीच्या शरीराने तो शत्रू म्हणून लक्षात ठेवला होता. पीपीडीचेही काहीसे असेच होते. शरीराची रोगाशी लढणारी जी यंत्रणा आहे, तिच्यातल्या काही पेशी एखाद्या वेळी हे रसायन ओळखून ठेवतात. ओळख होते तेव्हा वरून काही दिसत नाही. ही ओळख पहिल्याच वेळी होईल असे नाही, दहाव्या वर्षीही होऊ शकते. पण एकदा झाली की पुढच्या प्रत्येक वेळी त्या पेशी गोळा होतात. त्यांना गोळा व्हायला वेळ लागतो, बहुधा एक ते तीन दिवस. म्हणून अ‍ॅलर्जीचे पुरळ उशिरा उठते. म्हणूनच "दहा वर्षे लावते, काही झाले नाही" हा आधार फार कच्चा आहे.

आता चाचणी. जागा कानामागची किंवा कोपराच्या आतल्या घडीजवळची. कानामागची बरी, कारण काळा डाग दिसत नाही, शिवाय कलपाचा त्रास बऱ्याचदा तिथेच आधी दिसतो. त्या जागी जखम, पुरळ, नुकतेच काढलेले केस किंवा आधी लावलेले मलम नको. साबण-पाण्याने जागा धुवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. मग पुडीवर जसे सांगितले आहे त्याच प्रमाणात थोडासा कलप कालवा. दोन बाटल्यांचा कलप असेल तर दोन्ही मिसळूनच घ्या, कारण डोक्यावर तो तसाच जाणार आहे. कापसाच्या काडीने हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठिपका लावा आणि वाळू द्या. वर पट्टी, चिकटपट्टी, कापड काही नको. झाकले की साधा पदार्थही कातडीत मुरून आग करतो आणि मग उगाच अ‍ॅलर्जी वाटते. उरलेला कालवलेला कलप टाकून द्या, तो पुढे वापरायचा नाही.

ठिपका किती वेळ ठेवायचा हे पुडीवर दिलेले असते, ते पाळा. आपल्या देशात अशा कलपाच्या पुडीवर धोक्याची सूचना छापणे आणि आत चाचणीची रीत देणे कायद्याने बंधनकारक केलेले आहे. कायद्यातल्या त्या रीतीत ठिपका वाळवून चोवीस तासांनी साबण-पाण्याने हलके धुवायला सांगितले आहे. प्रत्येक वेळी कलप लावण्याआधी चाचणी करावी, आणि भुवया-पापण्यांना कलप कधीच लावू नये, त्याने डोळा जाऊ शकतो, असेही त्यात बजावले आहे. त्या रीतीला आमची एक पुस्ती आहे. चोवीस तासांनी धुतले म्हणजे चाचणी संपली असे समजू नका. उशिरा उठणारे पुरळ बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. म्हणून धुतल्यावरही आणखी दोन दिवस ती जागा पाहत राहा. मध्येच आग होऊ लागली, तर चोवीस तासांची वाट न पाहता लगेच धुवा.

नणंद-भावजयीकडे परत जाऊ.

बुधवारी सातला ठिपके लागले. वीस मिनिटांत नणंदेला झोंबायला लागले. कानामागे चरचर, हात लावला तर गरम. ती घाबरली आणि तिने लगेच धुतले. तासाभरात चरचर कमी झाली. गुरुवारी सकाळी तिथे ठिपक्याएवढीच हलकी लाली होती, खाज नव्हती. शुक्रवारी काहीच उरले नाही. नंतर विचारले तेव्हा कळले, त्याच दिवशी दुपारी तिने घाम येतो म्हणून तो भाग खसाखसा घासून धुतला होता, कातडी थोडी सोलली होती.

भावजयीला बुधवारी रात्री काहीच झाले नाही. गुरुवारी सकाळी नाही. गुरुवारी संध्याकाळी सातला धुतले तेव्हाही डागाशिवाय काही नव्हते. "झाले की, लावू आता," म्हणून ती मोकळी होत होती. ताईंनी थांबवले. शुक्रवारी दुपारी खाज सुरू झाली. सातच्या सुमारास बोट फिरवले तर जागा उंच लागत होती, बारीक बारीक पुरळ हाताला कळत होते. शनिवारी ती जागा ठिपक्याच्या दुप्पट झाली होती, कडा धूसर होत्या, दोन-तीन दाण्यांत पाणी भरले होते आणि झोपेत खाजवल्याचे ओरखडे होते.

पहिली गोष्ट साध्या दाहाची, दुसरी अ‍ॅलर्जीची. ओळखताना आम्ही आधी घड्याळ पाहतो. मिनिटांत किंवा काही तासांत उठले, आणि धुतल्यावर उतरत गेले, तर दाहाकडे झुकते. दिवस उलटल्यावर उठले, आणि पदार्थ धुऊन टाकला तरी वाढतच गेले, तर अ‍ॅलर्जीकडे. मग जाणीव विचारतो. दाहात आग आणि चरचर जास्त, अ‍ॅलर्जीत खाज जास्त. मग कडा. दाह ठिपक्याच्या हद्दीत राहतो, अ‍ॅलर्जी हद्द ओलांडते. तिन्ही खुणा एका बाजूला आल्या तर बहुतेक चुकत नाही. खुणांची गल्लत झाली, काही इकडच्या काही तिकडच्या दिसल्या, तर ती अ‍ॅलर्जीच समजून चाला. त्यात नुकसान फक्त पांढऱ्या केसांचे आहे.

एक गोष्ट पुस्तकांतल्या गोऱ्या कातडीच्या फोटोंमुळे सुटते. तिथे पुरळ लालभडक दाखवतात. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. ती जांभळट किंवा नुसतीच गडद दिसते, त्यात कलपाचा डाग वर. म्हणून डोळ्यापेक्षा बोटावर भरवसा ठेवा. जागा उंच लागते का, खरखरीत लागते का, शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, ते पाहा. दिवसाच्या उजेडात, डागाच्या कडेबाहेर काही पसरले आहे का ते दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगा. बरे झाल्यावर त्या जागी काळपट खूण काही आठवडे राहू शकते. ती अ‍ॅलर्जी चालू असल्याची खूण नाही.

पुढे दोघींचे काय केले? नणंदेला सांगितले की यावेळी राहू दे, कातडी पूर्ण बरी होऊ दे, दोनेक आठवड्यांनी दुसऱ्या बाजूला नव्या कालवणाची चाचणी कर, तीही न घासता. तिने ती केली, काही झाले नाही, मग कलप लावला. भावजयीला मात्र पुन्हा घरी चाचणी करू नको असे सांगितले. एकदा अ‍ॅलर्जीचे पुरळ उठले की "बघू अजून एकदा" हा खेळ करायचा नाही, कारण पुढचे पुरळ आधीपेक्षा जोरदार असू शकते. रविवारी ती पांढऱ्या केसांनीच लग्नाला गेली. फोटो चांगले आलेत.

तिने चाचणी न करता सगळ्या डोक्याला लावला असता तर? अशा वेळी टाळूपेक्षा कान, मान, कपाळ आणि पापण्यांवर जास्त उमटते, कारण तिथली कातडी पातळ असते. सकाळी उठावे तर डोळे सुजून बंद, कानामागून पाणी गळते आहे. असे झाले तर भरपूर पाणी आणि साध्या शाम्पूने डोके धुवा, थंड पाण्याचे ओले फडके ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. पुडी सोबत न्या, डॉक्टरला तिच्यावरचे घटक पाहायचे असतात. लिंबू, हळद, टूथपेस्ट, रॉकेल काही लावू नका, उतू गेलेल्या कातडीवर ते नवा दाह करतात. आणि कलप लावल्यावर काही मिनिटांतच अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली तर ती वेगळीच, तातडीची अ‍ॅलर्जी आहे. अशी क्वचित होते, पण झाली तर तिथे वाट पाहायची नाही. १०८ वर फोन करा.

मेडिकलमधून "खाजेचे मलम द्या" म्हणून आणलेल्या ट्यूबबद्दलही बोलावे लागेल. त्यात बऱ्याचदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जोरदार स्टेरॉइड असते. ते पुरळ दाबते, म्हणून लोक खूश असतात. पण ज्या जागी ते रोज लावले जाते तिथे केलेली चाचणी खोटी निघते. अ‍ॅलर्जी असूनही काही उठत नाही, आणि मग डोक्यावर उठते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी तेच. अशांनी घरची चाचणी विश्वासाची मानू नये, डॉक्टरांना विचारावे.

घरची चाचणी म्हणजे चाळणी आहे, पक्का निकाल नाही. पक्की पॅच टेस्ट त्वचारोग विभागात होते. भडगावहून त्यासाठी जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात चौकशी करा, जाण्याआधी ही तपासणी तिथे सध्या होते का आणि कोणत्या वारी, ते विचारून घ्या. तिथे कलप लावत नाहीत. पीपीडीचा ठराविक अंश, शेकडा एक, व्हॅसलिनमध्ये मिसळून छोट्या वाटीत भरतात आणि निकेल, रबर, सुगंध, गाजरगवत अशा इतर संशयितांच्या वाट्यांबरोबर पाठीवर चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. मग काढून पाहतात, आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. म्हणजे दोन-तीन फेऱ्या होतात, रोजंदारीवाल्याला हे परवडत नाही हे आम्ही जाणतो. एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात घामाने पट्ट्या सुटतात आणि पुन्हा जावे लागते. निकड नसेल तर ही तपासणी हिवाळ्यात करून घ्यावी. पुरळ अंगभर उठलेले असतानाही ती करत नाहीत, आधी ते शांत करतात.

निकाल पीपीडीचा आला तर ते नाव कागदावर लिहून घ्या आणि जपून ठेवा. सलूनमध्ये दाढी-कटिंगवाल्या दादाला सांगा, दवाखान्यात सांगा. जागा बधिर करणारी काही मलमे आणि काही गडद कपड्यांचे रंग या रसायनाचे नातेवाईक असतात, काहींना तेही बाधतात. ब्राऊन कलपातही हे रसायन असू शकते, तेव्हा काळ्याऐवजी ब्राऊन हा उपाय नाही.

कलपाशिवाय दुसरा पदार्थ असेल तर रीत थोडी बदलते. तोंडाला लावायचे क्रीम, तेल, लोशन, जे लावून तसेच ठेवायचे असते, त्याला एक ठिपका पुरत नाही. कोपराच्या आत रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ लावा, सात दिवस रोज. अशा पदार्थांतल्या सुगंधाची किंवा टिकवणाऱ्या रसायनाची अ‍ॅलर्जी चौथ्या-पाचव्या दिवशीही उठू शकते. साबण, शाम्पू, भांड्याची पावडर यांची मात्र अशी चाचणी करू नका. ते धुऊन टाकायसाठी बनवलेले आहेत, कातडीवर ठेवले तर कोणालाही आग करतील. तसले काही नवे आणले तर नेहमीसारखे वापरा, धुवा आणि दोन-चार दिवस हात पाहा.

आणि मुलींच्या हातांवर. लग्नाच्या आदल्या रात्री मेहंदीच्या नक्षीला काळी किनार यावी म्हणून कोनात कलप कालवतात. डोक्यावरचा कलप अर्ध्या तासात धुतला जातो, हा रात्रभर कातडीवर राहतो. मग आठवड्याने हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात, वेल, मोर, सगळे जसेच्या तसे. दहा वर्षांच्या मुलीच्या शरीराने हे रसायन त्या एका रात्री ओळखले, तर मोठेपणी तिने पहिल्यांदा कलप लावताच ती अ‍ॅलर्जी उठेल. कोन घेताना तो कधी कालवला आणि त्यात काय घातले ते विचारा. अर्ध्या तासात काळा रंग देतो असे म्हणाले तर तो कोन घेऊ नका.